कुडकुडत नाही, तरी गारठलेलं: नवजात बाळाची ऊब आणि तपकिरी चरबी

प्रश्न: "ताई बाळंतपणाला माहेरी आलीय, आमचं गाव परभणीजवळ. बाळ ३५ आठवड्यांचं, जन्मतः १.९ किलो, आज पाचवा दिवस, कालच दवाखान्यातून घरी आलो. घर पत्र्याचं. आशाताईंनी पाय बघून सांगितलं की बाळ गार आहे, उघडं करून आईच्या छातीला लावा. आमची आई म्हणते, दोन वाकळांत गुंडाळलंय, लेकरू कुडकुडतही नाही, मग थंडी कसली? उघडं केलं तर उलट गारठेल. डॉक्टर 'तपकिरी चरबी' असं काहीतरी म्हणाले होते. कुणी नीट समजावेल का?"

आशाताईंचं ऐका, आणि हे उत्तर बाळाला ताईच्या छातीशी लावून झाल्यावर वाचा. नीट कसं लावायचं ते पुढे लिहिलंय. तूर्त एवढंच करा: टोपी, मोजे आणि कोरडा लंगोट सोडून बाळ उघडं, ताईची छाती उघडी, कातडीला कातडी, आणि वाकळ दोघांच्या वरून. तुमच्या आईंचं म्हणणं आमच्या रुग्णालयातल्या नवजात विभागात रोज कुठली ना कुठली आजी मला ऐकवते. त्यामागे मोठ्या माणसाच्या अंगाचा अनुभव आहे, आणि तो मोठ्या माणसापुरता खराच आहे. नवजात बाळाचं अंग वेगळ्या रीतीनं चालतं.

वाकळ ऊब तयार करत नाही. आत जी ऊब आहे ती बाहेर जाऊ देत नाही, तिचं काम तेवढंच. तुम्ही-आम्ही वाकळ घेतली की पाच मिनिटांत आत गरम वाटतं, कारण साठ किलोचं अंग आतून सतत उष्णता सोडत असतं. एक किलो नऊशे ग्रॅमचं लेकरू आधीच गार पडलेलं असेल, तर दोन काय, चार वाकळा घातल्या तरी ते गारच राहतं. वाकळ बाहेरची ऊबही तितक्याच इमानानं आत येऊ देत नाही. म्हणून आधी हे बघायचं की बाळाची ऊब कुठून येते, ती बनवायला काय खर्ची पडतं, आणि ती इतक्या लवकर जाते कशी.

मी बाळ पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी मोघम सांगाव्या लागतील. जन्मल्यावर बाळ लगेच रडलं का, दूध ओढतंय की वाटी-चमच्यानं पाजताय, आजचं वजन किती, खोलीत रात्री किती गारठा असतो, यावर बरंच ठरतं. आणखी एक गोष्ट अशी की अंग गार पडण्याचं कारण थंडीच असेल असं नाही. मोठ्यांना जंतुसंसर्गात ताप चढतो. इतक्या लहान बाळाला ताप न येता उलट अंग गार पडू शकतं. म्हणून छातीशी लावूनही बाळ गरम होत नसेल तर घरी थांबायचं नाही.

आता कुडकुडण्याबद्दल. आपल्याला थंडी वाजते तेव्हा स्नायू भराभर आकसतात आणि सैल पडतात. त्यातून हालचाल काहीच साधत नाही, सगळी शक्ती उष्णतेत जाते. नवजात बाळाचे स्नायू अंगाच्या मानानं थोडे आणि कच्चे असतात, कुडकुडून उष्णता करणं त्याला जवळपास जमतच नाही. त्यामुळे 'कुडकुडत नाही' यावरून थंडीबद्दल काहीही कळत नाही. उलट पाच दिवसांच्या बाळाचे हातपाय थरथरताना दिसले, तर ती थंडी समजून वर आणखी एक वाकळ टाकायची नाही. हात धरल्यावर थरथर थांबते का ते बघायचं आणि बाळाला दवाखान्यात न्यायचं. अशा थरथरीमागे बऱ्याचदा रक्तातली साखर कमी झालेली असते, आणि धरूनही थरथर थांबत नसेल तर ती आकडी असू शकते.

कुडकुडण्याच्या जागी निसर्गानं बाळाला दुसरी सोय दिली आहे, तीच तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तपकिरी चरबी. आपल्या पोटावर साठते ती पांढरी-पिवळी चरबी म्हणजे साठवण. तपकिरी चरबी जागेवरच जळते. ती बाळाच्या दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेच्या मागे, काखांत, छातीच्या आत मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती असते. पूर्ण दिवसांच्या बाळात तिचं प्रमाण वजनाच्या साधारण दोन ते सहा टक्के. तिच्या जागा बघा: जिथून मेंदूकडे आणि हृदयाकडे रक्त जातं, त्याच्या शेजारीच ती बसलेली आहे. तिथे तयार झालेली उष्णता आधी याच अवयवांना मिळते. हातापायांची पाळी शेवटी येते.

तिचा रंग तपकिरी दिसतो तो मायटोकॉन्ड्रियांमुळे. पेशीतले हे बारीक घटक अन्न जाळून शक्ती काढतात, त्यांच्यातल्या प्रथिनांत लोह असतं, आणि या चरबीच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात. ते काम कसं करतात हे समजायला पैठणला जायकवाडीच्या धरणावर उभे आहोत असं समजा. धरणात पाणी उंचावर साठवलेलं आहे. ते जनित्रातून सोडलं तर वीज मिळते, आणि दुसऱ्या दारातून नुसतंच सोडून दिलं तर पाणी खळाळत जातं पण वीज मिळत नाही. मायटोकॉन्ड्रियाही अन्न जाळून आलेल्या शक्तीवर हायड्रोजनचे भारित कण एका पडद्यापलीकडे साठवतो. एरवी ते कण जनित्रासारख्या एका यंत्रातून परत येतात आणि पेशीला वापरता येईल अशी शक्ती तयार होते. तपकिरी चरबीच्या पडद्यात मात्र यूसीपी-१ नावाचं प्रथिन आहे, तेच हे दुसरं दार. ते उघडलं की कण जनित्राला वळसा घालून परत येतात आणि सगळी शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. एकही स्नायू न हलवता अंग तापतं. न कुडकुडता उष्णता निर्माण करणं म्हणतात ते हेच.

पोटात असताना हे दार बंद असतं. तिथे आईच्या अंगाची ऊब असते, आणि वारेतून येणारी काही रसायनं ही चरबी दाबून ठेवतात. नाळ बांधली की ती रसायनं थांबतात. त्याच वेळी बाळाच्या कातडीला गारवा लागतो. कातडी मेंदूला कळवते, मेंदू मज्जातंतूंमार्फत तपकिरी चरबीत नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सोडतो, त्यानं चरबीचे थेंब फुटतात. त्यातून निघालेली स्निग्धाम्लं दारही उघडतात आणि इंधन म्हणूनही जळतात. पुढे काही महिन्यांत स्नायू तयार होतात, बाळ कुडकुडायला शिकतं आणि या चरबीवरचा भार कमी होत जातो. मोठ्यांत ती उरतच नाही असं फार काळ समजलं जायचं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवलं की मोठ्या माणसांच्याही मानेजवळ आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर ती थोडीफार असते आणि थंडीत कामाला लागते. पण मोठ्या माणसाची भिस्त तिच्यावर नसते. तुमच्या भाच्याची आहे.

आशाताईंनी तळपाय का बघितले ते आता कळेल. जे नॉरॲड्रेनलिन ही चरबी पेटवतं, तेच हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे उष्णता बाहेर जाणं कमी व्हावं. म्हणून पोट गरम आणि तळपाय गार, याचा अर्थ 'बाळ ठीक आहे, पायच तेवढे गार' असा होत नाही. याचा अर्थ बाळाची आतली उष्णता-निर्मिती चालू झाली आहे, बाळ थंडीशी झगडतंय, आणि अजून तरी टिकून आहे. पोट आणि पाय दोन्ही गरम असतील तर बाळ निवांत. दोन्ही गार असतील तर झगडा हरत चाललाय, तिथे एक तासही घालवायचा नाही. हात लावताना तळहाताऐवजी मागची बाजू लावा, आणि आधी स्वतःचे हात चोळून गरम करा. न्हाणीतून आलेल्या ओल्या हातानं कुठलंही लेकरू गरमच लागतं.

इथे थर्मामीटर थोडा फसवतो. काखेत तपकिरी चरबी असल्यानं ती पेटलेली असताना काखेचा आकडा काही काळ छान राहतो. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक, ३६ ते ३६.४ म्हणजे बाळावर थंडीचा ताण, ३६ च्या खाली गेलं तर बाळ खऱ्या अर्थानं गारठलेलं, आणि ३२ च्या खाली जिवावरचं. पण काखेत ३६.६ आणि तळपाय गार असं दिसलं, तर मी पायांवर विश्वास ठेवते. तीच गोष्ट मानेची. गारठत चाललेल्या बाळाच्या मानेखाली, फऱ्यांच्या मधोमध हात ठेवला तर ती जागा बाकी पाठीपेक्षा जरा उबदार लागते, कारण खाली चरबी जळत असते. आजी नेमकी मानेखाली हात घालून म्हणते, "बघा की डॉक्टर, गरम तर आहे."

मग चरबी जळतेय, बाळ टिकून आहे, तर बिघडलं कुठे? बिघडतं ते खर्चात. हिशोब मांडून बघू. उबदार जागी स्वस्थ पडलेलं नवजात बाळ किलोमागे तासाला साधारण दोन किलोकॅलरी जाळतं. तुमच्या बाळाच्या १.९ किलोला ते दिवसाला ९० ते ९५ होतात. पाचव्या दिवशी असं बाळ २०० मिलिलीटरच्या आसपास दूध घेत असेल असं धरू. आईच्या दुधात शंभर मिलिलीटरला साधारण ६५ किलोकॅलरी असतात, म्हणजे आले १३०. वाढीसाठी उरतात पस्तीसेक, त्यातलेही काही शी-शूतून जातात. आता रात्रीचे बारा तास पाय गार आहेत आणि बाळाचा खर्च नुसता दीडपट झाला. तासाला १.९ जास्तीचे, बारा तासांचे २३. उरलेल्या पस्तीसातले २३ रात्रीच गेले. बाळ दूध पितंय, शी-शू करतंय, झोपतंय, आणि वजन मात्र तिथल्या तिथे. घरच्यांना वाटतं आईचं दूध पातळ आहे. मग वरचं दूध सुरू होतं, बाटली येते, जुलाब येतात. सुरुवात गार पायांपासून झालेली असते. आणि दीडपट हा मी हात राखून धरलेला आकडा आहे, गारठा जास्त असेल तर खर्च दुप्पटही होतो.

दूध कमी जात असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. तपकिरी चरबी जाळायला भरपूर ऑक्सिजन लागतो आणि साखरही लागते. पाच दिवसांच्या, त्यातही दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठा आधीच तुटपुंजा. तो संपला की बाळ सुस्त होतं. सुस्त बाळ दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून इंधन नाही, इंधन नाही म्हणून आणखी गार. जन्मताच गुदमरलेल्या किंवा धाप लागलेल्या बाळात ऑक्सिजन कमी असल्यानं ही चरबी असूनही नीट पेटत नाही, अशी बाळं डोळ्यांदेखत गार पडतात. शिवाय ही चरबी गर्भात साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून तयार व्हायला लागते आणि शेवटच्या आठवड्यांत भरते. ३५ आठवड्यांच्या बाळाला ते शेवटचे आठवडे मिळालेलेच नसतात. आणि हा साठा अक्षय नाही. गारठून दगावलेल्या बाळांच्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तेव्हा त्यांतले चरबीचे थेंब संपलेले आढळले होते, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे.

उत्पन्नाची बाजू ही. आता ऊब जाते कुठून ते बघू.

उष्णता तयार होते ती अंगाच्या वजनातून आणि जाते ती कातडीवाटे. ताई साठ किलोची असेल तर तिची कातडी साधारण साडेसोळा हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका किलोमागे पावणेतीनशे. बाळाची कातडी सोळाशेच्या आसपास, पण किलोमागे पडते सुमारे साडेआठशे. ऊब निसटायला तिप्पट जागा, आणि कातडीखाली पांढऱ्या चरबीचा थर जवळपास नाहीच. त्यात डोकं मोठं. बाळाच्या एकूण कातडीचा पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. आपल्याकडची कुंची डोकं, कान, मान आणि पाठ एकदम झाकते, ती मला फार आवडते. भरल्या दिवसांचं बाळ निदान हातपाय पोटाशी घेऊन स्वतःची उघडी बाजू कमी करतं. तुमचं बाळ बहुधा हातपाय सैल सोडून पसरून झोपत असेल, तेवढा ताण अजून त्याच्या स्नायूंत आलेला नाही.

ओलाव्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तिथे भराभर ऊब जाते आणि ते दिसत नाही. एक ग्रॅम पाणी कातडीवरून वाळताना अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता घेऊन जातं. एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम पाणी बाळाच्या केसांत, काखेत, जांघेत राहिलं आणि तिथेच वाळलं, तर जवळपास तीन किलोकॅलरी गेल्या. तुमच्या बाळाचं अख्खं अंग एक अंशानं गार करायला दीड ते पावणेदोन पुरतात. यातली थोडी उष्णता हवेकडून येते, पण मोठा वाटा बाळाच्याच अंगातून. म्हणून अंघोळ बंद. नाळ पडेपर्यंत तरी, आणि माझ्या मते वजन दोन किलोच्या वर जाऊन सलग वाढत असल्याचं दिसेपर्यंत, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं एकेक अवयव पुसा आणि लगेच कोरडा करा. वीस मिनिटं उघडं ठेवून तेल रगडणंही थांबवा. ओला लंगोट अंगावर वाळू देऊ नका, रात्री दोन-तीनदा हात घालून बघा.

पत्र्याबद्दल मुद्दाम लिहिते. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे कसा कडाका पडतो ते तुम्हाला सांगायला नको. पत्रा रात्री मोकळ्या आभाळाकडे उष्णता सोडून खोलीतल्या हवेपेक्षाही गार होतो, पहाटे आतून दव ठिबकतं ते त्यामुळेच. बाळ आणि पत्रा यांचा स्पर्श नाही, मध्ये वारा नाही, तरी बाळाच्या उघड्या चेहऱ्याची आणि डोक्याची ऊब किरणांवाटे त्या गार पत्र्याकडे जात राहते. शेकोटीपुढे बसल्यावर चेहरा तापतो, त्याच वाटेनं ती उलटी जाते. खोली दारं लावून बंद केलीत तरी हे थांबत नाही. पत्र्याखाली जाड चादरीचं छत ताणून बांधा आणि ताईची बाज बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात आत ओढा. शेजारीपाजारी कुणाचं जुनं माळवदाचं घर असेल आणि एक खोली मिळत असेल तर महिनाभर तिथे राहणं उत्तम. जाड मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर रात्रभर दिवसाची ऊब धरून ठेवतात. खोलीत २५ ते २८ अंश हवेत. भिंतीवरचं साधं तापमापक दीड-दोनशे रुपयांत मिळतं, ते लावा, नाहीतर प्रत्येकाचा अंदाज वेगळा निघतो.

हे सगळं एका बाळात कसं दिसतं ते सांगते. ऊसतोडीच्या हंगामात, जानेवारीत, कोपीत राहणारं एक जोडपं सहा दिवसांचं बाळ घेऊन आलं. जन्माचं वजन दोन किलो. तक्रार एकच, दोन दिवस दूध ओढत नाही. बाळ तीन वाकळांत नीट गुंडाळलेलं, चेहरा लालसर, त्यामुळे आईला ते तजेलदार वाटत होतं. वाकळा उघडल्या तेव्हा सगळ्यात आतली वाकळ हाताला गार लागली. तिला गरम करायला आत काही उरलंच नव्हतं. लंगोट ओला होता. तळपाय गार, पोटही गार, काखेत ३५.२ अंश, रक्तातली साखर ३६ म्हणजे कमी, वजन १ किलो ७४०. सहा दिवसांत दर शंभर ग्रॅममागे तेरा ग्रॅम गेले होते. चेहऱ्याची लाली तजेल्याची नव्हती. गारठलेल्या रक्तातला ऑक्सिजन पेशींना सहज सुटत नाही, रक्त लालच राहतं, आणि बाळ आतून उपाशी असताना गोंडस दिसतं.

आम्ही लंगोट बदलला, शिरेतून साखर सुरू केली, जंतुसंसर्गाच्या तपासण्या पाठवल्या आणि बाळ श्वास नीट घेत होतं म्हणून वॉर्मरवर न ठेवता आईच्याच छातीला बांधलं. बाप म्हणाला, "इतक्या थंडीत उघडं कसं ठेवता?" त्याला बाळाच्या पाठीवर हात ठेवायला सांगितला आणि तासाभरानं पुन्हा ठेवायला सांगितला. तिसऱ्या तासाला तळपाय गरम लागले, काखेत ३६.७ आलं, आणि संध्याकाळी ते बाळ स्वतः स्तनाशी तोंड फिरवायला लागलं. तपासण्यांत संसर्ग निघाला नाही. त्या बाळाला दुधाची कमतरता सुरुवातीला नव्हतीच. गारठ्यानं आधी इंधन खाल्लं, मग ओढायची ताकद.

आईच्या छातीला लावल्यानं काय होतं ते यावरून लक्षात यावं. ताईचं अंग ३७ अंशांच्या आसपास आहे आणि तिच्याकडे उष्णता करणारे साठ किलो आहेत. बाळाची छाती-पोट तिला चिकटलं की कातडीच्या त्या सगळ्या भागातून ऊब जायच्याऐवजी यायला लागते. बाळाच्या कातडीनं मेंदूला 'गार आहे' असं कळवणं थांबवलं की नॉरॲड्रेनलिन उतरतं, चरबी जळायची थांबते, पायाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. मधे झबलं आणि वाकळ असेल तर यातलं काहीच होत नाही, म्हणून उघडं. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या तेव्हा सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी ती दिवसाचे आठ ते चोवीस तास, जमेल तितकी जास्त, करायला सांगते. पेटी नाही म्हणून करायचा हा दुय्यम उपाय राहिलेला नाही.

बाळ उभं धरायचं, दोन स्तनांच्या मधोमध, पाय बेडकासारखे फाकवून, हात कोपरात दुमडून. मान एका बाजूला वळवलेली आणि थोडी वर, हनुवटी छातीवर टेकता कामा नये, नाहीतर श्वास कोंडतो. नाक-तोंड सतत दिसायला हवं. मग जुन्या सुती लुगड्याची पट्टी किंवा ओढणी बाळाच्या पाठीवरून कानाच्या पाळीपर्यंत घेऊन ताईच्या पाठीमागे घट्ट बांधायची, बाळ सरकणार नाही पण पोट श्वासाला फुगेल इतकी. वरून पुढे उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन, त्यावर वाकळ. ताईनं उशा लावून अर्धवट टेकून बसावं. एका वेळी निदान तासभर धरा, सारखं काढघाल करू नका. ताई दमली की तुमचे भावजी धरू शकतात, तुमच्या आई धरू शकतात. मला तर वाटतं आईंनी एकदा धरून बघावंच. तासानं पाय त्यांनीच तपासावेत. दूध दर दोन तासांनी, रात्रीही. ओढत नसेल तर काढून वाटी-चमच्यानं.

शेक-शेगडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचार चालू असेलच. बंद खोलीत बाजेखाली निखारे ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो रक्तातला ऑक्सिजन अडवतो, म्हणजे बाळाची तपकिरी चरबी जळायला जे लागतं तेच काढून घेतो. गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट बाळाच्या अंगाशी ठेवायची नाही. गारठलेल्या पायात रक्त कमी फिरतं, तिथे आलेली उष्णता वाहून जात नाही आणि कातडी भाजते. असे भाजलेले तळवे मी पाहिले आहेत.

छातीशी लावून तासाभरानंतरही तळपाय गार असतील, किंवा तासाची वाट न बघता, कधीही काखेत ३६ च्या खाली असेल, पोटही गार लागत असेल, बाळ दूध घेत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, धाप लागत असेल किंवा थरथर दिसत असेल, तर १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालयातला नवजात विभाग गाठा. गाडीत बाळ वाकळीत गुंडाळून मांडीवर नको, आईच्या किंवा बापाच्या छातीलाच बांधलेलं असू द्या. निघण्याआधी थोडं दूध पाजता आलं तर पाजा.

सगळं ठीक चाललं तर आशाताईंची पुढची भेट सातव्या दिवशी असते. तेव्हा उघड्या बाळाचं वजन करून घ्या. १ किलो ७०० च्या खाली गेलं असेल तर त्याच दिवशी दाखवा, पाय गरम असले तरी. दोन आठवड्यांच्या आसपास जन्माचं वजन परत यायला हवं, आणि त्यानंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ. ही पद्धत किती दिवस करायची ते बाळच सांगतं. अडीच किलोच्या जवळ आलं की त्याला छातीशी गरम व्हायला लागतं, ते हातपाय मारतं, कुरकुरतं, बाहेर यायला बघतं. तेव्हा थांबवा. तोवर रात्रीची पाळी चुकवू नका, पहाटे तीन ते सहा तर नाहीच, कारण तुमचा पत्रा त्याच वेळी सगळ्यात गार असतो.